अंगठ्याखालचा शेरा

सीताबर्डीत एका जिन्याखाली नानाजी बावण्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, डोळ्याला लावायचं भिंग आणि वर पाटी: ‘अस्सल पार्ट मिळतील.’ पाटीत खोटं काही नव्हतं. मिळतील असं लिहिलं होतं, कधी मिळतील ते लिहिलं नव्हतं.

नानाजींना एक खोड होती. बिलावर ते गिऱ्हाइकाला बरं वाटेल ते लिहीत आणि वहीत खरं लिहीत. घड्याळ उघडलं की मालकाचं नाव, मागच्या झाकणाच्या आत कोरलेला केसचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा नंबर, मशीनवरचा वेगळा नंबर आणि शेवटी शेरा. पुढच्या वेळी तेच घड्याळ पुन्हा त्यांनाच उघडायचं असे. निदान स्वतःला तरी फसवून चालणार नव्हतं.

१९७८ च्या उन्हाळ्यात संत्र्यांचे अडते रुपराव यांच्या घरी चोरी झाली. रुपराव वारून दोन वर्षं झाली होती. त्यांचं सोन्याचं स्विस घड्याळ गेलं. घरच्या मौल्यवान वस्तूंचा विमा होता, यादीत घड्याळही होतं. त्यांच्या पत्नी शोभाताईंनी दावा केला. विमा कंपनीचे सर्व्हेअर ताराचंद मेश्राम चौकशी करत जिन्याखाली आले. सोबत शोभाताई.

ताराचंद शांत माणूस. त्यांनी टेबलावर तीन कागद मांडले.

“ही खरेदीची पावती, सन चौसष्टची. हिच्यावर एक नंबर. ही विम्याची यादी, हिच्यावर दुसराच नंबर. एका घड्याळाले दोन नंबर काहून, नानाजी? आणि हा फोटो.”

फोटो रुपरावांचा, पंच्याहत्तर साली स्टुडिओत काढलेला. हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला, घड्याळ दिसेल असा. ताराचंदांनी निगेटिव्हवरून मनगटापुरता मोठा करून आणला होता.

शोभाताई म्हणाल्या, “पैसे नाही भेटले तरी चालते मले. पण माझा दीर बारा वर्षं हसून राहिला, का भावाचं घड्याळ नकली होतं म्हणून. कागदावर नकली लिहू नका, भाऊ.”

नानाजींनी वही काढली. एकाहत्तर सालचं पान. रुपरावांच्या ओळीत दोन्ही नंबर शेजारी शेजारी होते. “दुकानदारानं पावतीवर मशीनचा नंबर लिहिला. विम्याच्या वेळी रुपरावांनी झाकण माझ्याकडून उघडवलं, म्हणून यादीत केसचा नंबर गेला. घड्याळ एकच.” हे सांगताना त्यांचा अंगठा ओळीच्या टोकाला, शेऱ्यावर होता. तिथे अंगठा ठेवायचं काही कारण नव्हतं.

ताराचंदांनी नंबर जुळवले, मान हलवली. “नंबर जुळले. पण नंबर तर कोणी नकली घड्याळावरही कोरते. फोटो पाहा. कंपनीच्या कॅटलॉगात या घड्याळाची बाजूची फिरवायची चावी बारीक, सोनेरी. फोटोत ही जाड आणि केसपेक्षा पांढरी. अशी चावी या कंपनीनं कधी लावलीच नाही.”

शोभाताईंचा चेहरा उतरला. “ते तर तुम्हीच बसवली ना, नानाजी? बिलावर ‘अस्सल’ लिहिलं होतं. मी स्वतः वाचलं.”

नानाजींना त्या क्षणी जिन्याखालून थेट भंडाऱ्याला पळून जावंसं वाटलं. त्यांना लाज वाटली, आणि ती कपाळावर दिसली. एकाहत्तरमध्ये चावीचे आटे गेले होते. अस्सल चावी मुंबईहून यायला तीन महिने लागले असते, आणि रुपरावांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं. लोकल बसवली. नंतर बदलू म्हणाले, स्वतःशीच. रुपरावांना काही बोलले नाहीत.

गप्प राहिले तर पाटी शाबूत होती. रुपराव मात्र कायमचे नकली ठरले असते.

नानाजींनी अंगठा उचलला. शेरा बारीक अक्षरात होता: ‘मशीन, डायल, केस कंपनीचे. चावी लोकल. मालकाला सांगितले नाही.’

ताराचंदांनी ओळ दोनदा वाचली, पानाची नक्कल उतरवली आणि खाली नानाजींची सही घेतली. “इतकं आपल्याच विरुद्ध कोणी नकली घड्याळासाठी लिहीत नाही,” ते म्हणाले, आणि कागद गोळा केले.

दावा मंजूर झाला. अहवालात लिहिलं होतं: ‘घड्याळ अस्सल. चावी बदललेली.’ शोभाताईंनी तो कागद चौकटीत घालून बैठकीत लावला, दिराच्या नेहमीच्या खुर्चीसमोर.

दोन महिन्यांनी शोभाताई घरचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन जिन्याखाली आल्या. नानाजींनी ते दुरुस्त केलं, बिलबुक ओढलं.

“बिल राहू द्या,” शोभाताई म्हणाल्या. “वही दाखवा.”