शर्ट कारखान्याचा, पगार ठेकेदाराचा

वैजयंती कामात घाई करत नसे आणि मागेही पडत नसे. हरियाणात मानेसरच्या आमच्या कारखान्यात ती ब्रेक ड्रम तपासायची. गेज आत घालायचं, फिरवायचं, काटा बघायचा, खराब माल लाल क्रेटमध्ये टाकायचा. लाइन माझ्याकडे होती, रोजच्या तपासणीवर सही माझी. मी निवृत्त होईपर्यंत तिच्या टेबलावर मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

अंगात कारखान्याचा शर्ट, छातीवर कारखान्याचं नाव. फरक गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा. आम्हा कायम कामगारांची निळी, ठेकेदाराच्या माणसांची पिवळी. तिचा पगार आणि पीएफ ठेकेदाराकडून यायचा. सहा-सात वर्षांत ठेकेदार तीन झाले. जुना हिशेब करून जायचा, नवा आपल्या यादीत नाव घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच टेबलापाशी उभी.

गेल्या हिवाळ्यात बावलच्या एका कंपनीने तिला तपासनीस म्हणून घेतलं. स्वतःच्या पगारपत्रकावर, कायम. फॉर्मवर आधीची कंपनी म्हणून तिने आमच्या कारखान्याचं नाव लिहिलं. पिवळ्या पट्टीवाले सगळे तेच लिहितात. रोज ज्या फाटकातून आत जातो, त्याचंच नाव तोंडात येतं.

आठवड्याभरात ती माझ्या घरी आली. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"काका, त्यांनी कारखान्यात चौकशी केली. एचआरने कळवलंय, या नावाची कर्मचारी आमच्याकडे कधीच नव्हती."

"कधीच?"

"कधीच. आणि पीएफमध्ये तीन भलतीच नावं निघाली. बावलची मॅडम म्हणते, एक तो गलत कंपनी लिखी, ऊपर से तीन नौकरियाँ छुपाईं. शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर ऑफर रद्द."

जागेवरून न हललेल्या बाईच्या नावावर तीन नोकऱ्या.

तिने इथे काम केलंय असं लिहून मागायला आम्ही कारखान्यात गेलो. एचआरच्या साहेबाने आत बोलावलं नाही, फाटकापाशीच आला.

"अंकल, आप तो समझदार हो. लेटरहेड पे लिख दूँ, तो कल यही काग़ज़ लेके कोर्ट जाएगी कि परमानेंट करो."

"सर, पिछले साल बेस्ट इन्स्पेक्टर का कॉफी मग आपने ही दिया था," वैजयंती म्हणाली.

"मग पे तो किसी का भी नाम छप जाता है."

हसला वर. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. एक मिनिट अजून थांबलो असतो तर माझं तोंड सुटलं असतं.

आत्ताच्या ठेकेदाराचं ऑफिस गुरुग्रामला मिठाईच्या दुकानावर. तिथला धीरज तत्पर. त्याने लगेच पत्र छापून दिलं. कधीपासून कामावर, ते बरोबर. कामाची जागा आमचा कारखाना, तेही बरोबर. पद: हेल्पर.

"हेल्पर? भैया, मैं गेज चलाती हूँ."

"दीदी, कंपनी ने ऑर्डर में हेल्पर माँगे, मैंने हेल्पर दिए. इन्स्पेक्टर लिखूँ तो आप ही पूछोगी, पैसे इन्स्पेक्टर के क्यों नहीं दिए."

खरं बोलला. किळस त्याचीच आली.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी खुलासा लिहायला बसली. पहिलीच ओळ, 'चूक झाली, माफ करावे.'

"खोड ते," मी म्हटलं. "कंपनीचं नाव चुकलं, ते दुरुस्त कर. कामाची माफी मागू नकोस."

मग तिने जसं होतं तसं लिहिलं. पगार देणारे तिघे ठेकेदार, पीएफमध्ये आहेत त्याच क्रमाने. तिघांकडून नेमणूक एकाच कारखान्यात. काम ब्रेक ड्रमची तपासणी. ठेकेदाराच्या पत्रात पद हेल्पर आहे, हेही तिने लपवलं नाही. मी वेगळं पत्र जोडलं, कारखान्याच्या नावाने नाही, माझ्या स्वतःच्या: मी या लाइनचा प्रमुख होतो, हे काम ती माझ्यासमोर करत होती. सोबत माझा निवृत्तीचा कागद आणि फोन नंबर.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. "हेल्पर लिखा है. करती क्या थी?"

मी सांगितलं. सकाळी गेज कसं लावून घ्यायची, माल कुठे अडवायची, सुपरवायझर ओरडला तरी कसा सोडायची नाही. मॅडमने लिहून घेतलं. ऑफर राहिली.

जायच्या आधी धीरजने कळवलं, शर्ट जमा केल्याशिवाय शेवटचा हिशेब नाही. शर्ट कारखान्याची मालमत्ता आहे. वैजयंतीने दोन्ही शर्ट धुतले, इस्त्री केले आणि फाटकावर नेले. चौकीदाराने छातीवरचं नाव वर येईल अशी घडी घालून ते ठेवले आणि पावती दिली. पावतीवर कारखान्याच्या नावाखाली छापलं होतं, 'कर्मचाऱ्याकडून परत मिळाले.'

तिने ती मला दाखवली. "बघा काका, आज लिहून दिलं."

चौकीदाराच्या गळ्यातली पट्टी पिवळी होती.