फिल्टर डोंगरावर गेला तेव्हा

माझा नातू दर महिन्याला कुठल्या तरी डोंगरावर जातो. परवा निघताना जे. पी. नगरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं त्याचा संसार मांडला होता. घडीचा स्टोव्ह, घडीचा पेला, आणि कॉफी दळायचं मनगटाएवढं यंत्र. "आज्जी, तुमच्या वेळी हे काहीच नव्हतं ना? मग डोंगरावर कॉफी कशी करायचा?"

"उत्तम करायचो," मी म्हटलं.

हे धादांत खोटं होतं. तो गेल्यावर वाटलं, निदान कागदावर तरी खरं सांगून टाकावं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होते, वय एकोणीस, आणि कॉफीतलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. कारण काय, तर आमचं घर चिकपेठेतलं. आमचे मराठी पूर्वज कधी काळी घोड्यावरून इकडं कानडी मुलखात आले, इथंच राहिले, आणि त्यांच्या वंशजांनी पुढं घोडा सोडून कॉफी धरली. आमच्याकडे बिया घरी भाजत. स्वयंपाकघरात लाकडी फळीला स्क्रूनं आवळलेलं दळायचं यंत्र होतं, आणि सकाळची पूड सकाळीच दळायची असा दंडक. आदल्या दिवशीची पूड वापरणाऱ्या घरात मुलगी देऊ नये, असं आमची आजी म्हणे. ती हे हसत म्हणायची. मला ते हसणं कळलं नाही, मी तेवढं वाक्य घेतलं.

आमच्या कॉलेजात व्यायामाच्या एक मिस होत्या. उंच, सडसडीत, पायात कॅनव्हासचे बूट. साडी नेसूनही त्या आमच्या दुप्पट वेगानं चालत. डिसेंबरात त्या आठ मुलींना दहा दिवस कुद्रेमुखाच्या डोंगरात नेणार होत्या. त्या काळी मुलींनी दहा दिवस रानात राहायचं म्हणजे घराघरांत महिनाभर चर्चा. मला काहीही करून जायचं होतं. त्याआधी रंगीत तालीम म्हणून मिसनी नऊ जणींना सावनदुर्गाला एक मुक्काम ठेवला. म्हणजे एकजण गळणार होती, हे उघड होतं.

"प्रत्येकीला एक काम. ज्यांचं काम नीट, त्या कुद्रेमुखाला," मिसनी कन्नडमधून सांगितलं. "सकाळची कॉफी कोण करेल? मला कॉफीशिवाय डोंगर दिसत नाही."

माझा हात त्यांचं वाक्य संपायच्या आत वर गेला.

माझ्या शेजारी बेळगावची एक मुलगी बसायची. वसतिगृहात राहणारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि चहा पिणारी. चहा पिणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हा दया वाटायची. मी तिला चिडवायला अक्का म्हणायचे, आणि तिच्या चहाला पानाचं पाणी. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "घरात यंत्र फिरवतीस ते ठीक हाय. तिथं काय फिरवणार? डोळे?"

घरी आईनं शहाणपणाची गोष्ट सांगितली. "निघायच्या दिवशी इथंच दळ, डबा गच्च भर, झाकणाला फडकं लाव. एका रात्रीत काही मरत नाही ती."

"आई, पूड पाव तासात मरते," मी म्हणाले.

आईनं हातातलं फडकं परत खुंटीला अडकवलं. मी भाजलेल्या अख्ख्या बिया पिशवीत बांधल्या, वर आमचा चार पेल्यांचा पितळी फिल्टर घेतला. भाकऱ्या काढून त्याला जागा केली. यंत्र फळीवरून निघेना, नाहीतर तेही नेलं असतं. दळायचं कशानं? सावनदुर्ग म्हणजे मैलभर पसरलेला एकच काळा दगड. दगडावर दगड ठेवला की पाटा-वरवंटा झालाच, असा माझा हिशोब.

मागडीपर्यंत बस, पुढं पायी. पायथ्याच्या देवळाच्या मंडपात झोपलो. सात वाजता चढायला लागायचं होतं, कारण पुढं तो खडक तापतो आणि हात टेकवत नाही. उजाडल्यावर तीन दगडांच्या चुलीवर रात्रीच्या भात-सांबाराचंच पातेलं घासून पाणी ठेवलं गेलं, आणि दहा पेले माझ्याकडे तोंड करून मांडले गेले.

मी एक सपाट जागा बघून मूठभर बिया ठेवल्या आणि वर गोटा हाणला.

भाजलेली बी फार चपळ असते. चार फुटल्या, बाकीच्या उताराला लागल्या. मी त्यांच्यामागे गुडघ्यांवर. नऊजणी बघतायत.

"काय करालीस गं?" बेळगावची विचारती झाली. "पेरणी?"

मग मी टॉवेलात बिया बांधून कुटल्या. उघडून पाहिलं तर निम्म्या तूरडाळीएवढ्या आणि निम्म्याचं पीठ. मी डाळीएवढ्या वेचून फिल्टरात भरल्या, वरून छत्री, म्हणजे पूड दाबायची दांडीची चकती, दाबली, उकळतं पाणी ओतलं. घरी या पाण्याला खाली उतरायला अर्धा तास लागतो. इथं ते नळ सोडल्यासारखं सरळ खाली गेलं. खालच्या भांड्यात जे जमलं ते गढूळसुद्धा म्हणवेना.

"सावकाश उतरायला पाहिजे," मी जाणकारासारखं म्हणाले, आणि दुसऱ्या खेपेला नुसतं पीठ भरलं. वर छत्री अशी दाबली की घरी कुणी तशी दाबली असती तर मीच ओरडले असते. आता पाणी वर उभं राहिलं ते राहिलंच. भोकं बुजली. मी फिल्टर ठोकला, हलवला, गोंजारला. पाच मिनिटांनी एक थेंब पडला. मी "आला!" म्हणून ओरडले.

"एकच बाळ हाय," बेळगावची म्हणाली. "नाव ठेव."

मिसनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. साडेसहा. मला म्हणाल्या, "स्वल्प लवकर, अम्मा." फार गोड आवाजात. तो गोडवा ऐकून मला कुद्रेमुख डोळ्यांसमोरून जाताना दिसला.

मी फिल्टर घेऊन खांबाच्या आड गेले. रडायला नाही, असं मी पुढं खूप वर्षं सांगत आले. रडायलाच गेले होते. बेळगावची मागून आली.

"बिया किती उरल्यात?"

"अर्धी पिशवी."

"दे. पर आधी म्हण, चहा पण पिण्याची वस्तू हाय."

"अक्का, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ हाय. पुढं तू म्हणणार न्हाईस."

मी म्हणाले. ती म्हणाली, "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हणाले. पलीकडे कुणीतरी हसलं.

मग तिनं पिशवीतून मलमलीचं फडकं काढलं. चहा गाळायचं. तपकिरी पडलेलं, पण नुसत्या पाण्यानं धुतलेलं, साबणाचा वास नाही. त्याच्यात तिनं बिया सैल बांधल्या आणि हाणण्याऐवजी गोटा वरून दाबत गोल फिरवला. मधे मधे पुरचुंडी हलवायची, परत दाबायचं. जाड रव्याएवढं झालं तेव्हा थांबली, आणि ताटात पसरून वरचं पीठ फुंकून टाकलं. माझं आतडं तुटलं. आमच्या आजीची कॉफी ती सावनदुर्गावर उधळत होती.

"पीठच कडू करतंय आणि घशात पण येतंय," ती म्हणाली. दर पेल्याला चढा चमचा मोजला, पातेल्याच्या नावानं आणखी एक. पातेलं चुलीवरून उतरवलं, उकळी बसू दिली, मग पूड घालून एकदा ढवळली आणि झाकण ठेवलं.

"आता?"

"आता तेरापासून एकोणीसपर्यंतचे पाढे म्हण. आमच्याकडं पाहुणा मद्रासकडचा आला की काकू असंच करती. तिच्याकडं कुठला आलाय फिल्टर, आणि घड्याळ तरी कुठलं."

मी पाढे म्हणाले. सतराशी अडखळले, तेवढा वेळ जादा मिळाला. तिनं झाकण काढलं. वर फेसाळ साय धरली होती. तिनं थंड पाण्याची एक ओंजळ कडेकडेनं शिंपडली. तरंगणारा सगळा चोथा हळूहळू खाली बसला. ते बघताना मी रडणं विसरले. मग फडक्यातून, पातेलं न हलवता, वरचं वर ओतत गेली. तळाचं दोन पेल्यांएवढं तिनं तसंच ठेवलं. डब्याचं घट्ट दूध मात्र मी मिसळलं. त्या सकाळचं माझं कर्तृत्व तेवढंच.

मिसनी पहिला घोट घेतला. डोळे मिटले. उघडले. डोंगराकडे पाहिलं. "कॉफी कुणी केली?"

बेळगावची बूट बांधायला खाली वाकली. दोन्ही बूट आधीच बांधलेले होते. तिनं मला मोकळी वाट ठेवली होती. मी त्या वाटेकडे बघितलं, हे कबूल करते. 'मी' एवढंच म्हणायचं होतं, आणि काम माझ्याच नावावर होतं. पण माझ्या कडेला तो पितळी फिल्टर पडला होता, तोंडापर्यंत थंड पाणी भरलेला. त्याच्याकडे बघून खोटं बोलणं जड गेलं.

"तिनं," मी म्हणाले. "माझी त्या फिल्टरात आहे. अजून उतरतेय."

मिस इतक्या हसल्या की पेल्यातली कॉफी साडीवर सांडली. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. कुद्रेमुखाला कॉफी ही करेल. तुला भांडी घासता येतात?"

"येतात, मिस."

"मग तू भांडी. आणि तो फिल्टर घरी."

कॉलेजच्या यादीत माझं नाव आठवं होतं, पुढं कंसात 'भांडी'. जी गळली ती मीठ आणायला विसरली होती. माझ्याहून लहान गुन्हा, पण तिनं तो शेवटपर्यंत मान्य केला नाही.

दहा दिवस मी रानातल्या ओढ्यात राखेनं पातेली घासली. पूड घरून दळून नेली होती. गच्च डब्यात, फडकं लावून. आईनं दळली, आणि दळताना तिनं जे तोंड केलं होतं ते मला आजही आठवतं. दहाव्या दिवशीसुद्धा ती पूड बऱ्यापैकी जिवंत होती.

आता घरी कधी न सांगितलेली गोष्ट. तिथल्या धुक्यात पहाटे कॉफीच्या आधी बेळगावची स्वतःपुरता चहा करायची, आणि ओढ्यावर माझी बोटं काकडून गेली की अर्धा पेला आणून हातात द्यायची. पहिल्या दिवशी मी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्यायले. तिसऱ्या दिवसापासून ती यायच्या आधीच माझा पेला घासून तयार असायचा.

नातू काल परत आला. ते दळायचं यंत्र बसमध्येच राहिलं म्हणून तोंड पाडून बसला होता. मी त्याला मलमलीचं एक जुनं फडकं दिलं आणि विचारलं, "सतराचा पाढा येतो का रे?"