केळ्यातला धागा आणि चमचाभर राख

पोलादपूरच्या बाजारपेठेमागे जी शाळा आहे, तिच्या प्रयोगशाळेची किल्ली बावीस वर्षं महिपतीच्या करगोट्याला आहे. हुद्दा परिचर. म्हणजे चंचुपात्रं धुवायची, बर्नर पुसायचा, सांगाड्याचा निखळलेला हात तारेने बांधायचा, आणि अकरावीची पोरं केळ्यातून डीएनए काढायला बसली की प्रयोग स्वतःच करून द्यायचा. हो, स्वतःच. शिक्षक फळ्यावर आकृती काढत असायचे आणि इकडे महिपतीच्या ग्लासात पांढरा धागा तरंगायला लागायचा. हाताला यश होतं माणसाच्या, ते कुणीही नाकारणार नाही.

यंदा सहायकाची जागा निघाली. जुने सहायक निवृत्त झाले, आणि संस्थेने ठरवलं की आतलाच माणूस घ्यायचा, पण त्याला समज आहे का ते बघून. बघायचं काम आलं सोनाली मॅडमांकडे. या मॅडम महाडच्या, वयाने महिपतीच्या लेकाएवढ्या, बोलायला गोड आणि तपासायला कडक. त्यांनी सांगितलं, काका, प्रयोग तुम्ही करताच, आता त्याचा छोटा अहवाल लिहा. पायरी लिहायची आणि तिच्यापुढे तिचा हेतू. सोमवारी संस्थेचे दोघे जण येतील, त्यांच्यापुढे वाचायचा.

महिपतीने शुक्रवारी दुपारी ऐटीत कागद नेऊन दिला. पायरी पहिली, केळं कुस्करणे. हेतू, अख्खं केळं ग्लासात मावत नाही. पायरी दुसरी, मीठ घालणे. हेतू, पहिल्यापासून घालतात. तिसरी, साबण घालणे, हेतू, स्वच्छता. शेवटची, गार स्पिरिट कडेने हळूच सोडणे. हेतू, धसकन ओतलं की सर ओरडतात.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. ‘सर ओरडतात’ याखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, “काका, प्रयोग फसला तर का फसला, हे पोरांना सहायकानेच सांगायचं असतं. ते तुम्हाला सांगता आलं नाही, तर मला तुमचं नाव पुढे पाठवता येणार नाही.” मग एक जाड पुस्तक त्याच्या हातात दिलं.

महिपतीचा चेहरा पडला. जागा हुकली तर बाहेरचा कुणी पोरगा सहायक होऊन येणार आणि ‘काका, ग्लास विसळा’ म्हणणार, हे त्याच्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं. त्याला ते सोसणारं नव्हतं.

शनिवारी तो वाडीवर घरी आला तो पुस्तक, दोन केळी आणि औषधाच्या दुकानातली स्पिरिटची बाटली घेऊन. बाटली त्याने लेकाने, अनिलने, मुंबईहून पाठवलेल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, बांगडे मासळीच्या शेजारी ठेवली. रखमाने ती पाहिली, हुंगली, आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्याला देवाची शपथ घ्यावी लागली.

रविवारी सकाळी तो ओटीवर पुस्तक उघडून बसला. बरंच उमगलं. कुस्करायचं ते पेशी सुट्या व्हाव्यात, त्यांच्या भिंती फाटाव्यात म्हणून. डीएनएच्या धाग्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लोटतात. मिठातले सोडियमचे कण तो भार झाकतात, मग धागे जवळ येऊन गोळा होतात. फडक्यातून गाळायचं ते चोथा मागे राहावा आणि धागे पाण्याबरोबर खाली उतरावेत म्हणून. पाण्यात विरघळलेला डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नाही, म्हणून दोघांच्या सीमेवर तो बाहेर पडून दिसतो. स्पिरिट जितकं गार, तितका जास्त. कडेने सोडलं की थर वेगळा राहतो. सरांच्या ओरडण्यामागे एवढं सगळं होतं तर, असं त्याला वाटलं आणि सरांबद्दल जरा माया आली.

साबणाचं पान मात्र त्याने वाचलंच नाही. स्वच्छता हा हेतू त्याला पक्का ठाऊक होता ना. मग काय, चुलीशेजारी राखेचा डबा होता, आणि बावीस वर्षांच्या अनुभवाने स्वारीने ठरवलं की स्वच्छतेला राख काय वाईट? पितळ कशी लखलखते! चमचाभर राख, चिमूटभर मीठ, पाणी आणि कुस्करलेलं केळं. दहा मिनिटं थांबला, गाळलं, गार स्पिरिट कडेने सोडलं.

काही नाही. खाली करडा गाळ, वर स्वच्छ स्पिरिट, मध्ये धाग्याचा पत्ता नाही.

महिपती हबकला. बावीस वर्षांत त्याचा धागा कधी चुकला नव्हता. हाताचं यशच गेलं की काय, या विचाराने त्याला दुपारी बांगडाही गोड लागेना. मागल्या दारी जाऊन तो रखमाच्या शेजारी उकिडवा बसला आणि सगळं सांगून टाकलं. ती तळणीचा तवा घासत होती. रोजची भांडी राखेने, पण मासळीच्या तव्याला अनिलने आणलेला पातळ साबण, हा तिचा नेम.

“तव्याला राख का नाय गो?” त्याने विचारलं.

“राखेला जोर लागतो. काथ्याने घासून घासून हात मोडतो, मग कुठं तेल सुटतं. साबण नुसता घालून ठेवला तरी तेल आपसूक सुटतं.” तिने तव्यावर पाणी ओतलं आणि मान वर केली. “तुमच्या ग्लासात घासणारं कोण हाय?”

महिपती उठला तो थेट पुस्तकाकडे. वाचायचं टाळलेल्या पानावर तेच होतं. पेशीभोवतीचं आणि तिच्या आतल्या केंद्रकाभोवतीचं पातळ पटल स्निग्ध पदार्थाचं असतं. साबण ते मोडतो, तेव्हा कुठे आतला डीएनए पाण्यात येतो. पटल न मोडता स्पिरिट ओतायचं म्हणजे दार बंद ठेवून पाहुण्यांना ‘या’ म्हणायचं.

दुसरं केळं, साबणाचे दोन थेंब, फेस येऊ न देता हलक्या हाताने ढवळणं. चार वाजता ग्लासात पांढरा गुंता वर आला. रखमाने वाकून पाहिला आणि म्हणाली, शेंबडासारखा दिसतो. शास्त्राला धरूनच बोलली ती.

सोमवारी त्याने अहवाल वाचला. साबणापुढे लिहिलं होतं: ‘स्निग्ध पटल मोडून डीएनए मोकळा करणे. इथे राख चालत नाही. राखेला घासणारा हात लागतो, आणि ग्लासात हात नसतो. घरी करून पाहिले, धागा निघाला नाही.’

संस्थेच्या दोघांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर केला आणि विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? महिपतीच्या कपाळाला घाम फुटला. ‘माझंच’ म्हणायला किती सोपं होतं! पण जिभेवर आलं ते निराळंच.

“पुस्तकात नाय साहेब. माझी बायको रखमा, तिनं सांगितलं. मी बावीस वर्षं साबण घालत होतो, का ते तिला ठावं होतं.”

सोनाली मॅडमांनी लाल पेन बंद केला. महिपतीचं नाव त्यांनी तिथल्या तिथे पुढे पाठवलं.

संध्याकाळी वाडीवर पोहोचल्यावर त्याने बातमी सांगितली, पण रखमाचे हात राखेत होते, तिने नुसती मान हलवली. महिपती बघत राहिला. शाळेतल्या हजारो काचा आपण धुतल्या, घरातलं एक भांडं धुतलं नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मागच्या दारी जाऊन त्याने तिच्या पुढ्यातला टोप ओढून घेतला.

“ह्ये कशापायी?” तिने विचारलं.

“हेतू मग लिहून देतो,” महिपती म्हणाला आणि घासायला बसला. दुसऱ्याच मिनिटाला तिने सांगितलं, की जोर लावा, राख हाय ती.