बापाचं माळवद

काकाचा निरोप आला तेव्हा चोपणी माती मळत होती. लाकडी चोपण्याने मातीची छतं ठोकून ठोकून तिचे हात असे राठ झाले होते की खरं नाव विसरून सगळे तिला चोपणीच म्हणत. निरोप साधा होता. गुडघे गेले, शिडी चढवत नाही, पाऊस तोंडावर आलाय, तर तेवढी माझ्या माळवदावर नवी माती टाकून जा. तिने पाय धुतले आणि मनात म्हणाली, आला एकदाचा पायाशी.

बाप आणि काका दोघे मिळून माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, घालत; पुढे दर वर्षी त्यांवर माती टाकायचं काम काकाचं. सावकाराच्या घराचं छत कोसळलं तेव्हा काकाने चारचौघांत बापाकडे बोट दाखवलं. म्हणाला, दादाने तुळया हलक्या वापरल्या. बापाला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. खचून गेला आणि त्यातच संपला. चोपणी तो दिवस विसरली नव्हती, विसरायची तिची इच्छाही नव्हती.

काकाचं हे घरही बापानेच बांधलेलं. जाड तुळया, त्यांवर आडवे सरे म्हणजे बारीक वासे, सऱ्यांवर फळ्या, फळ्यांवर गवताचा थर, मग भुसा घालून कुजवलेला चिखल आणि सगळ्यात वर पाणी न पिणारी पांढरी माती, पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हाळाकडे उतार देऊन चोपलेली. दिवसभराचं ऊन त्या मातीतच रेंगाळतं. ते खाली पोचायच्या आत सूर्य मावळतो आणि वरून माती निवू लागते. भर उन्हातही काकाची खोली विहिरीसारखी गार असायची, आणि तो गारवा म्हणजे आपली करामत असं तो गिऱ्हाइकांना सांगत फिरायचा.

ती वर चढली आणि लोखंडी सळई मातीत खुपसली. हातभर थर असायला हवा होता, सळई दोन हातांच्याही पुढे गेली. दर वर्षी पावसाआधी जुना सुटलेला पापुद्रा खरवडून, तण उपटून, भेगा बुजवून मगच पातळ नवा थर द्यायचा असतो. काकाने खरवडण्याचा कंटाळा केला होता आणि वर्षानुवर्षं मातीवर माती लोटली होती. उतार पार बुजला होता. पाणी आता पन्हाळाकडे न जाता मधल्या खळग्यात साचणार, माती फुगणार, वजन वाढणार. धुराच्या झरोक्यातून तिने खाली पाहिलं. मधली तुळई पोट सुटल्यासारखी वाकली होती आणि बरोबर तिच्याखाली काकाची खाट होती.

सावकाराचं छत कशाने पडलं ते तिला त्या क्षणी कळलं. अंगाचा तिळपापड झाला.

"खरवडत बसू नकोस गं," काका खालून म्हणाला. "वरनं चार पाट्या टाक नि मोकळी हो."

तिला फक्त सांगितलेलं ऐकायचं होतं. चार पाट्या टाकायच्या, घरी जायचं आणि पहिल्या मोठ्या सरीची वाट बघायची. कुणी तिला बोल लावला नसता. तिने पहिली पाटी उचललीही. मग वाटलं, हा असा झोपेत मेला तर बापाचा कलंक तसाच राहील. उलट लोक म्हणतील, बघा, थोरल्याने बांधलेलं आणखी एक घर पडलं. तिने पाटी खाली ठेवली आणि शिडी उतरली.

"सावकाराला बोलाव," ती काकाला म्हणाली. "शेजाऱ्यांनाही. त्यांच्यासमोर खरं बोललास तर मी फावडं हातात घेईन. नाहीतर तुझं छत आणि तू."

काकाने आधी दरडावलं, मग रक्ताच्या नात्याची आठवण करून दिली. फळीच्या सांध्यातून मातीची बारीक धार त्याच्या छातीवर सांडली. धंदा त्याचाही तोच होता, त्या धारेचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. पहिल्यांदा त्याने वर, तुळईकडे पाहिलं. मग शेजाऱ्याला हाक मारली.

सगळे जमले तेव्हा तिने खाटेला लागूनच एक दणकट खांब तुळईखाली ठोकून बसवला. वर जाऊन कडेला माती उभी कापली आणि सावकाराला शिडीवर चढवून दाखवली. तळाशी बापाचा थर, भुशाने बांधलेला, घट्ट. त्यावर काकाचे भुसभुशीत पापुद्रे.

"तुमच्याही छतावर मी असंच केलं होतं," काका खाली मान घालून म्हणाला. "दादाच्या तुळया चांगल्या होत्या."

 सावकार शिडी उतरून काकाच्या दाराबाहेर थुंकला आणि निघून गेला.

शेजाऱ्यांना हाताशी घेऊन संध्याकाळपर्यंत तिने काकाची सगळी माती खरवडून त्याच्याच अंगणात ओतली. बापाच्या थराला मात्र धक्का लावला नाही. उतार साधला, वर पांढऱ्या मातीचा बोटभर थर दिला आणि चोपला. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ती चोपणं न्यायला आली, तेव्हा खोली पूर्वीइतकीच गार होती. काका खांबाकडे पाठ करून पडला होता.

"तुझी माती सगळी गेली काका, तरी गारवा आहे तसाच आहे," ती म्हणाली. "आता मरेपर्यंत माझ्या बापाच्या सावलीत झोप."

काकाने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. तिने चोपणं खांद्यावर टाकलं आणि ती निघाली.