इस्त्रीवाल्या ताई आणि अकरा अर्ज

इस्पितळाच्या धुलाईखात्यात इस्त्रीवाल्या ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणूनच जादूच्या प्रयोगाची वर्गणी अकराही बायांनी त्यांच्याच हाती दिली. जादूगार आजारी पडला, प्रयोग रद्द झाला आणि ताई सगळ्यांसमोर बोलून बसल्या, “घाबरू नका गं, एक पैसा बुडणार नाही!”

बुडाले. तिकिटामागे तीनशे परत आले, पण सुविधा शुल्काचे पंचेचाळीस कापले गेले.

“जादूगार आला नाही, तरी पैसे गायब केलेच की!” घड्या घालणारी म्हणाली. सगळ्या खदखदून हसल्या. ताई हसल्या नाहीत.

तिकिटं विकणाऱ्या कंपनीला फोन केला, तर आधी मधाळ आवाज: “आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.” मग वीस मिनिटं बासरी. शेवटी एक माणूस उत्तरला, “शुल्क बुकिंगच्या सेवेचं असतं, मॅडम. ते परत होत नाही. आयोजकांना विचारा.”

दुसऱ्या दिवशी ताई आयोजकाच्या ऑफिसात. टेबलामागे नाकातून बोलणारा कारकून. “शुल्क आमच्याकडे येतच नाही हो, मावशी. कंपनीला विचारा.”

“त्यांनीच तर तुमच्याकडे धाडलं. मी काय चेंडू आहे?” ताईंनी मोबाइल पुढे केला. प्रयोग रद्द झाल्याचा आयोजकाचाच मेसेज होता: “सुविधा शुल्कासह भरलेली सर्व रक्कम परत मिळेल.”

कारकुनाने तो दोनदा वाचला. घसा खाकरला. “बरं. अर्ज भरा. बुकिंग नंबर?”

“कुठला? अकरा आहेत.”

“एकदम का नाही काढली तिकिटं?”

“आमच्याकडे एका चादरीला एक चिठ्ठी. दोन चादरी एका चिठ्ठीवर गेल्या की एक हरवतेच. म्हणून एकेक काढलं.”

“अहो मावशी, मग अर्जही अकरा लागतील!” तो जवळजवळ रडवेला झाला. “प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाला उत्तर...”

“द्या की. मला दुपारपर्यंत सुट्टी आहे.”

तिसऱ्या अर्जाला त्याने पुढच्या प्रयोगाचे फुकट पास देऊ केले. “पास नको. मी पैशाचा शब्द दिलाय,” म्हणत ताईंनी चौथा ओढला. सहाव्याला आतून साहेब आले, मेसेज वाचला, कारकुनाकडे रोखून पाहिलं. “हा मेसेज पाठवला कोणी?” कारकून टेबलाच्या खणात काहीतरी शोधू लागला. साहेब म्हणाले, “कंपनी देवो न देवो, आपण लिहिलंय तर आपण भरायचं. सगळ्यांचे मिळून यांच्या खात्यावर टाका.”

“टाका, पण आत्ता,” ताई म्हणाल्या. “आणि पावतीही द्या.”

चारशे पंच्याण्णव जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. मग बँकेतून पैसे काढून, सुटे करून थेट धुलाईखात्यात गेल्या आणि एकेकीच्या हातावर पंचेचाळीस मोजून ठेवले.

घड्या घालणारीने नोटा उजेडात धरून बघितल्या. “मला वाटलं, तुम्ही पदरचेच द्याल.”

“दिलेही असते,” ताई इस्त्री तापवत म्हणाल्या, “पण तुझं तोंड बंद करायला ते पुरले नसते.”