ब्लरमधले बिरूमामा

कुंभार पिंपळगावात सुग्रीवला आडनावानं कुणी ओळखत नाही. 'बदामवाला सुग्रीव' म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावरचं त्याचं दुकान दाखवील. बदाम खायचा नव्हे, पत्त्यांतला. काळ्या जाड कागदाला मधोमध बदामाच्या आकाराचं भोक पाडायचं, तो कागद कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसवायचा आणि नवरा-नवरीच्या मागं लांब सोडलेली दिव्यांची माळ मुद्दाम धूसर करायची. मग एकेका दिव्याचा एकेक बदाम होऊन हवेत तरंगतो. नवरीच्या पुढं, लेन्सजवळ धरलेल्या दिव्यांचे बदाम मात्र उलटे पडतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मंठ्याच्या एका लग्नाच्या व्हिडिओत नवरीपुढं उलटे बदाम लटकलेले पाहून नवरदेवाच्या चुलत्यानं अपशकुन झाला म्हणून दुकानात येऊन दंगा घातला, तेव्हा त्याला हे कळलं.

सुग्रीवचा बाप मेंढरं राखायचा. दहावीपर्यंत सुग्रीवही मेंढरांमागं हिंडला, मग जालन्याच्या एका स्टुडिओत चार वर्षं कॅमेऱ्याची बॅग उचलून शहाणा होऊन आला. त्याचा धंदा बघून म्हातारा एकदा म्हणाला होता, "आरं, लांबचं मेंढरू वळखण्यात आमची जिंदगी गेली, अन् तू लांबचं पुसून पैशे घेऊन राह्यला." सुग्रीव हसला होता. म्हाताऱ्याला सिनेमा काय कळतो, असं त्याला तेव्हा वाटलं.

सिनेमा म्हणजे ब्लर, ही सुग्रीवची पक्की समजूत. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स घ्यायची, तिचं आतलं छिद्र होईल तेवढं उघडायचं आणि नवरीपासून पाच-सहा फुटांवर उभं राहायचं. मग फक्त दोन बोटं जाडीचा पट्टा स्वच्छ दिसतो. नवरीचे डोळे त्या पट्ट्यात आले की झालं. कान जरा मऊ, मागचा मांडव म्हणजे नुसते रंग. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंगतीला पळणारी माणसं, शेंदरी पिंप, सगळं गरिबीसकट गायब. त्यावर त्याची खास करामत अशी, की डाव्या हातात झेंडूची माळ लेन्सच्या अगदी तोंडाशी धरायची. इतक्या जवळच्या माळेला कडाच उरत नाही. तिचा नुसता केशरी धूर होतो, आणि तो नवरीच्या स्वच्छ खांद्यावर हलकेच सांडतो. लोक म्हणायचे, बिलकुल पिक्चरसारखं. सुग्रीव कॉलर नीट करायचा.

वैशाखात बिरूमामांच्या मुलीचं, शिवकन्येचं लग्न लागलं. बिरूमामा सुग्रीवच्याच नात्यातले, बापाबरोबर मेंढरं वळलेले. तरुणपणी एका एडक्यानं टक्कर मारून त्यांचे पुढचे दात पाडले होते, तेव्हापासून हसू आलं की मामांचा हात आपोआप उपरणं घेऊन तोंडावर जायचा. फोटोला ते उभेच राहायचे नाहीत. लग्नाच्या साठ फोटोंत मामा दोनदा सापडतात. एकात डोळे मिटलेले, दुसऱ्यात तहसीलीत उभं केल्यासारखं तोंड. आणि आषाढात मामा झोपेतच गेले.

त्यानंतर महिन्याभरानं, भर दुपारी, गोपिकामामी दुकानात आली. मामांची बायको. खुर्ची दिली तर खाली बसली.

"सुग्रीवा, तुला एक काम सांगायला आले," ती म्हणाली. "यांचा फोटो काढून दे. हार घालायच्या टायमाचा."

"कुठला हार, मामी?"

"लग्नातला. नवरदेवाच्या दोस्तांनी त्याला वर उचललं न्हाई का, अन् शिवकन्येचा हार पुरंना? तवा हे तिच्या मागं हुभे व्हते. हसले. तोंड झाकलं न्हाई. चव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं. तेवढा फोटो भिंतीला लावायचाय. आधारवरचा लावला तर वाटतं, माणूस कुणाला भेऊनच गेला."

सुग्रीवला तो क्षण पक्का आठवत होता, कारण त्याच्या व्हिडिओतला तोच सर्वांत गाजलेला होता. त्यानं तो काढला. पडद्यावर शिवकन्या हार उंचावून उभी, डोळ्यांतलं काजळ मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. तिच्या मागं चार फुटांवर एक पांढरट-तांबूस डाग, आणि त्या डागावर झेंडूचा केशरी धूर.

"ते बघ, हेच ते," मामीनं बोट लावलं. फेट्याच्या ठेवणीवरून तिनं ओळखलं होतं. "आता हे साफ कर."

"मामी, ते होत न्हाई."

"का? तू तवा लेन्सची ती गोल कडी फिरवत व्हतास. आता फिरव."

सुग्रीवनं समजावून पाहिलं. तेव्हा लेन्सनं मामांच्या डोळ्यांचा, नाकाचा, ओठांचा उजेड एकमेकांत कालवून टाकला होता. वर माळेचा रंग पडलेला. दूध, पाणी आणि हळद एकत्र झाल्यावर त्यातलं पाणी वेगळं कसं काढायचं? मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तू तितंच व्हतास ना, बाबा?"

एक गोष्ट सुग्रीवनं मामीला सांगितली नव्हती. माळ मामांच्या तोंडावर चुकून आली नव्हती. शिवकन्येच्या खांद्यामागं एक बोळकं तोंड आऽ करून हसताना दिसलं, फ्रेम खराब होते म्हणून त्यानं डावा हात चार बोटं खाली घेतला होता. एवढंच. हात खाली घेतला आणि माणूस झाकला. त्या वेळी त्याला आपल्या समयसूचकतेचं कौतुकच वाटलं होतं.

"दोन दिवस द्या," तो म्हणाला.

धूसर चेहरे कॉम्प्युटरकडून साफ करून देणारी एक सोय त्याला माहीत होती. रात्रभर फ्रेम घालून पाहिल्या. सकाळी पडद्यावर खरोखर चेहरा आला. सुरकुत्या, भुवया, हसू, सगळं लख्ख. सुग्रीव इतका हरखला की मामीला त्यानं तेव्हाच बोलावून घेतलं.

मामीनं पदर सावरून बराच वेळ पाहिलं.

"हे कोणय?"

"मामा."

"न्हाई रे. याला दात हायेत."

होते खरेच. वरचे-खालचे, सरळ, पांढरेशुभ्र. यंत्रानं मामांना ओळखलंच नव्हतं. डागावरून त्यानं जगातला कुठलाही एक हसरा म्हातारा रचून दिला होता. मामी रागावली नाही, तेच वाईट. ती म्हणाली, "चांगला माणूस दिसतो. पण आमचा न्हाई."

मग सुग्रीवला मोनिका आठवली. शिवकन्येची मावसबहीण, जालन्यात कॉलेजला असते. महागडा फोन घेऊन तीही त्या वेळी सुग्रीवच्या उजवीकडं उभी होती. फोनमध्ये सिनेमासारखा ब्लर करायची सोय असते, आणि त्या ब्लरची गंमत सुग्रीवला ठाऊक होती. फोनचं एवढंसं भिंग जवळचं-लांबचं सगळं जवळपास स्वच्छच टिपतं. कोण किती लांब उभा आहे याची नोंद वेगळी ठेवतं, आणि ब्लर नंतर हिशेबानं वर चढवतं. म्हणजे मूळ व्हिडिओ हाताशी असेल तर तो ब्लर काढताही येतो. मामा आत स्वच्छ हसत असणार! सुग्रीवनं मामीला हे सांगितलं. सांगायला नको होतं. मामी इतक्या दिवसांत पहिल्यांदा चहा प्यायली.

त्यानं मोनिकाला तिथूनच फोन लावला.

"दादा, व्हिडिओ हाये ना," मोनिका म्हणाली. "ग्रुपवर टाकला होता की."

"ग्रुपवरचा नको. फोनमधला मूळचा पाहिजे."

"तो तर डिलिट केला. फोन भरला होता. दोन महिने झाले."

ग्रुपवर गेलेल्या व्हिडिओत ब्लर कायमचा मुरलेला असतो, अंतराची नोंद मागंच राहते. डिलिट झालेलं महिनाभर फोनच्या कचऱ्यात पडून असतं, तोही महिना सरला होता. मोनिका पलीकडं रडायला लागली. सुग्रीवनं तिला गप्प केलं, ग्रुपवरचाच पाठव म्हणाला, आणि मामीकडं न बघता फोन ठेवला.

व्हिडिओ आला. बारीक, चिरडलेला. इथंही मामांचा डागच, फक्त झेंडूवाचून. सुग्रीव एकेक फ्रेम पुढं सरकवू लागला. मामीसमोर नुसतं बसवेना, म्हणून.

फोनच्या हिशेबी ब्लरमध्ये चुका असतात. शिवकन्येच्या केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. हार उंचावलेला तिचा हात आणि कंबर यांच्यामधल्या फटीतून मागचं दिसत होतं. खऱ्या लेन्सनं ती फट मागच्यासारखीच धूसर केली असती. फोनला वाटलं, फट म्हणजे नवरीचंच अंग, आणि त्यानं ती तशीच सोडून दिली. दुसऱ्या कुणाच्या कामात अशी चूक दिसली असती, तर सुग्रीवनं चारचौघांत त्याची टर उडवली असती.

त्या भाकरीएवढ्या फटीत पांढरं धोतर स्वच्छ होतं. आणि धोतराजवळ एक हात. अंगठ्याचं नख मधून दुभंगलेलं. मुठीत उपरण्याचा चुरगळलेला पदर.

सुग्रीवनं फ्रेम थांबवली. तोंड वरती, फटीच्या बाहेर, डागात. फट दोन सेकंदांत बंद होत होती. याहून जास्त काही नव्हतं, कुठंच नव्हतं.

"मामी," तो म्हणाला, "तोंड न्हाई सापडलं. माफ करा. एवढा हातच हाये."

मामी उठून पडद्याजवळ आली. नखावर बोट ठेवलं. "कातरणीनं फुटलं व्हतं ते. लोकर कातरताना." मग ती मुठीकडं बघत राहिली, उपरण्याकडं. सुग्रीवला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"हात खाली हाये," ती म्हणाली.

"हो."

"उपरणं हातात हाये, अन् हात खाली हाये. मंग तोंड उघडंच व्हतं ना रे? मी खोटं न्हाई बघितलं."

"न्हाई मामी. मीबी बघितलं होतं."

एवढं तो बोलून गेला. मामीनं त्याच्याकडं वळून पाहिलं. "तू बघितलं?"

सुग्रीवला आता सांगायचं होतं. माळेचं, चार बोटांचं, सगळं. त्याचा डावा हात टेबलावर पडला होता, तो त्यानं मांडीवर घेतला.

"मंग बराबर," मामी समाधानानं म्हणाली. "दोघांनी बघितलं." आणि तिनं हाताचाच फोटो भिंतीएवढा मोठा करून मागितला. फाटेल, दाणेदार होईल, असं सुग्रीवनं सांगून पाहिलं. होऊ दे, म्हणाली.

तो फोटो आज मामीच्या घरात आहे. हार घातलेला, कुंकू लावलेला, नुसता एक हात. सुग्रीव अजून लग्नांचं शूटिंग करतो, बदामही करतो. झेंडूची माळ मात्र त्यानं सोडली, आणि का सोडली ते विचारणाऱ्याला तो सांगतो की, फुलं महाग झाली.