बाबांचा अर्ज चार सेकंदांत नामंजूर झाला

माझ्या वडिलांना आयुष्यात एकदाच कर्ज हवं होतं आणि ते त्यांना चार सेकंदांत नाकारण्यात आलं. मी शेजारीच उभी होते. हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

झालं असं, की आईला ऐकू येईनासं झालं होतं. एकदम नाही, हळूहळू. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग फोन, मग आम्ही. बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. आमचं घर विद्यानगरला. तिथे सगळी गल्ली आमच्या घरातलं बोलणं ऐकत होती, आई सोडून. बाबांनी ठरवलं, यंत्र घ्यायचं, दोन्ही कानांना, आणि तेही स्वतःच्या पेन्शनमधून. मी पैसे देऊ केले तर म्हणाले, "पोरी, तुझ्या आईला मी काय दिलं गं आजवर? एवढं तरी मला देऊ दे."

कोठीच्या दवाखान्यात दोन्ही यंत्रांची किंमत निघाली चोपन्न हजार. बाबांची बँकेत ठेव होती, पण मुदतीआधी ठेव मोडणं त्यांच्या लेखी पापच. काउंटरवरच्या मुलीने त्यांचा चेहरा वाचला. "अंकल, छे हप्ते कर लेव ना. नौ-नौ हजार. ब्याज नक्को, कुछ नक्को. पहला आज, बाकी हर महीने पाँच तारीख कू."

"ब्याज नहीं, तो तुमकू क्या फायदा?" बाबांनी विचारलं. ते तीस वर्षं रेल्वेच्या पतपेढीच्या कर्जसमितीवर होते. फुकट म्हटलं की त्यांचे कान टवकारतात.

मुलीने सरळ सांगितलं, की कर्ज देणारी कंपनी दवाखान्याला सगळे पैसे लगेच देते, त्यातून आपलं कमिशन कापून घेते, आणि गिऱ्हाईक कंपनीला हप्ते देतं. व्याजाचा भार दवाखाना सोसतो. हप्ता चुकला तर मात्र दंड, आणि चुकल्याची नोंद गिऱ्हाइकाच्या नावावर कायमची. बाबांना हे पटलं. मान डोलावून म्हणाले, "बराबर है. जामीनदार कितने लगते?"

"कुछ नै लगते अंकल. खाली फोन लगता."

बाबा माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या पतपेढीत दोन जामीनदारांच्या सह्या असल्याशिवाय अर्ज टेबलावर यायचा नाही. समिती गुरुवारी बसायची, चहा दोनदा यायचा, अर्जदाराला बोलावून घरचं सगळं विचारलं जायचं. आणि इथे नुसता फोन! त्यांनी नंबर दिला, आलेला ओटीपी दिला, पॅन आणि जन्मतारीख दिली, संमतीच्या चौकटीत टिचकी मारली. मुलीच्या हातातल्या टॅबवर एक गोल फिरला. मग अक्षरं आली: क्षमस्व, सध्या ही सुविधा आपल्याला देता येत नाही.

"कायकू?" बाबा म्हणाले.

"वजह नै दिखाते अंकल. पन आप कभी लोन लिए? क्रेडिट कार्ड?"

"कभी नहीं!" बाबा छाती काढून म्हणाले.

"वोइच तो."

इथे मला तोंड लपवावंसं वाटलं, कारण मी पोटापाण्यासाठी असल्याच सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. या कंपनीच्या नाही, दुसऱ्या एका. त्या चार सेकंदांत काय होतं ते मला पाठ आहे. पॅनवरून क्रेडिट ब्युरोला विचारतात, की या माणसाने आधीची कर्जं कशी फेडली. ब्युरो म्हणतो, या माणसाला आम्ही ओळखत नाही. गुण देता येत नाहीत, मग नियम म्हणतो, नको. आमच्या चाचण्यांत असा एक अर्जदार असतो, इतिहास कोरा, निकाल नकार. तो नाकारला गेला की मी हिरवी खूण करून चहाला जाते. आज तो पांढरी टोपी घालून माझ्या शेजारी उभा होता.

"त्यांनी विचारलं कुणाला?" बाबा मला मराठीत म्हणाले. "मी नऊ जणांना जामीन राहिलोय. पतपेढीत विचारा म्हणावं."

"पतपेढीचं ब्युरोला कळत नाही, बाबा."

"मग त्याला कळतं काय?"

शेवटी माझ्या फोनवरून केलं. माझ्यावर गाडीचं कर्ज आहे, दोन क्रेडिट कार्डं आहेत, मागे एक बिल मी विसरलेही होते. सहा सेकंदांत मंजूर. किती हप्ते, कधी, दंड किती, याचं एक पान आलं. मी बँकेतून दरमहा पैसे वळते करायची परवानगी दिली आणि पहिला हप्ता भरून टाकला. बाबा मान खाली घालून टोपी नीट करत होते. मला त्या टॅबचा एवढा राग आला, की उचलून कोठीच्या रस्त्यात फेकावा.

आई तिकडे बाकावर बसली होती. बाबा तिच्याकडे गेले आणि कानाशी ओरडले, "झालं मंजूर! माझ्या नावावर!" अख्ख्या दवाखान्याने अभिनंदनाच्या नजरेने पाहिलं.

मग आईच्या कानात यंत्रं बसवली. ती दचकली, हसली, पंख्याकडे बघून म्हणाली, "हा एवढा बोलतो?" परत येताना रिक्षात ती आमच्या मधे बसली. बाबा तिच्या डोक्यावरून मला म्हणाले, "मशीनने मला नाही म्हटलं, हे तिला सांगू नको. तुझे पैसे मी दर तीन तारखेला देईन." मी म्हटलं, "नाही सांगत." गेली कित्येक वर्षं आम्ही आईसमोर तिच्याविषयी असंच बोलत आलो होतो. आई समोर बघत होती. तिच्या कानात चोपन्न हजारांची यंत्रं होती हे आम्हा दोघा शहाण्यांच्या लक्षातच आलं नाही.

नुसत्या तोंडी वायद्याने बाबांचं समाधान झालं नाही. त्यांनी कपाटातून पतपेढीचा जुना कोरा अर्ज काढला. अर्जदार ते, कर्ज देणारी मी, कारण 'पत्नीचे कान'. खाली जामीनदारांच्या दोन ओळी रिकाम्या राहिल्या. कुणाला सही मागायची तर नकाराची गोष्ट सांगावी लागणार. "जामीनदारांचं नंतर बघू," म्हणत त्यांनी अर्ज टीव्हीखाली सरकवला.

पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला त्यांनी नऊ हजार मोजून माझ्या हातात ठेवले आणि नोंद करायला अर्ज बाहेर काढला. जामीनदारांच्या दोन्ही ओळींवर सह्या होत्या. दोन्ही आईच्या.

बाबा आईकडे वळले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रिक्षात," आई भाजी निवडत म्हणाली. "त्या मशीनला म्हणावं, मला विचारायचं. मी सांगितलं असतं. हे ज्यांना जामीन राहिले, त्यातल्या एकाने बुडवलं, दोन वर्षं यांच्या पगारातून कापलं, आणि हे त्याच्याच मुलीच्या लग्नाला आहेर घेऊन गेले. मला सगळा इतिहास माहीत आहे."

बाबांनी घसा खाकरला. समितीचा माणूस अजून त्यांच्यात जागा होता. "एका अर्जावर एकाच माणसाला दोनदा जामीन राहता येत नाही," ते म्हणाले. "नियम आहे."

"मग नामंजूर करा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या दोन सह्यांकडे ते बघत बसले. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. सेकंदांचं काम नव्हतं ते. मग त्यांनी पेन उचललं, कोपऱ्यात 'मंजूर' असं लिहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "चहा ठेवतो."

"माझ्या चहात साखर कमी," आई म्हणाली.